नवीन खात्यावर मोठी रक्कम जाईना, परवा रजिस्ट्रेशन आहे. काय करू?

सिंहगडरोडवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:२५

वारज्यात रीसेलचा फ्लॅट घेतोय. गुरुवारी सकाळी ११ ला हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्ट्रेशन आहे. किंमत ६८ लाख. त्यातले ५० लाख गृहकर्जाचे, ते बँक तिच्या चेकने देणार. १ लाख टोकन आधीच दिलंय. १ टक्का टीडीएस म्हणजे ६८,००० मी कापून भरणार. राहिले १६,३२,०००, ते मी माझ्या बचत खात्यातून विक्रेत्याला पाठवायचे.

आज नेट बँकिंगमध्ये विक्रेत्याचं खातं जोडलं. ६:४० ला बेनिफिशियरी सक्रिय झाल्याचा एसएमएस आला. लगेच पूर्ण रकमेचं आरटीजीएस टाकलं, तर नाकारलं. कारण काय, तर नवीन बेनिफिशियरीला पहिले २४ तास एकूण ५०,००० च पाठवता येतात. मग ५०,००० पाठवून पाहिले, ते गेले, विक्रेत्याला मिळालेही. आता बाकी १५,८२,०००.

नंतर सेटिंगमध्ये पाहिलं तर तिथे आणखी एक आकडा दिसला, रोजचं लिमिट १० लाख. म्हणजे उद्या संध्याकाळी २४ तास संपले तरी १५ लाख ८२ हजार जाणारच नाहीत का? विक्रेते स्पष्ट म्हणालेत, पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही करणार नाही. चूक त्यांचीही नाही म्हणा.

---

झटपट_जोशी | ७:४१

आरटीजीएसला वरची मर्यादाच नसते! किमान २ लाख, कमाल काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर लिहिलंय. डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. तुमची बँक तुम्हाला बनवतेय. तो नियम दाखवा आणि मॅनेजरला जाब विचारा, पैसे झक मारत जातील.

---

पिंपरीची_पोर | ७:५८

माझंही सेम झालंय!! नवीन फोन घेतला, यूपीआय परत चालू केलं आणि आता ५,००० च्या वर काही जातच नाही. घरभाडं द्यायचंय. तुमचं सुटलं की मलाही सांगा.

---

निवृत्त_कॅशियर | रात्री ८:३०

पिंपरीच्या ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. फोन किंवा सिम बदलून यूपीआय नव्याने चालू केलं की पहिले २४ तास ५,००० चीच मुभा असते. उद्या आपोआप सुटेल. भाडं उद्या द्या, घरमालक काही बाहेर काढणार नाही.

जोशीबुवा, तुमचं अर्धं बरोबर आहे. आरटीजीएस या व्यवस्थेला रिझर्व्ह बँकेने वरची मर्यादा घातलेली नाही, एनईएफटीलाही नाही. पण त्या व्यवस्थेपर्यंत पोचायची वाट बँकेच्या ॲपमधून किंवा नेट बँकिंगमधून जाते, आणि त्या वाटेवर किती सोडायचं हे प्रत्येक बँक स्वतः ठरवते. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलं होतं की ग्राहकाला रकमेवर स्वतःची मर्यादा घालता यावी, आणि बेनिफिशियरी जोडली की त्याला लगेच सूचना जावी. २४ तास आणि ५०,००० हे आकडे मात्र बँकेचे स्वतःचे आहेत. दुसऱ्या बँकेत हेच वेगळे निघतील. त्यामुळे नियम दाखवून मॅनेजरशी भांडण्यात अर्थ नाही, तो दुसराच कागद काढून दाखवेल.

सिंहगडरोडवाले, तुमच्यासमोर दोन वेगळी कुलपं आहेत आणि दोन्हींची घड्याळं वेगळी आहेत.

पहिलं बेनिफिशियरीचं. ते सक्रिय झाल्याच्या क्षणापासून मोजतात, खातं जोडायला बसलात तेव्हापासून नाही. तुमचा एसएमएस आज ६:४० चा, म्हणजे उद्या संध्याकाळी ६:४० ला हे कुलूप उघडेल. एक करू नका. घाबरून ते खातं काढून पुन्हा जोडू नका, २४ तास पहिल्यापासून सुरू होतील. काउंटरवर असताना अशी माणसं पुष्कळ पाहिली.

दुसरं रोजच्या लिमिटचं. ते बहुतेक ठिकाणी तारखेप्रमाणे चालतं, रात्री १२ ला शून्यावर येतं. आजचे ५०,००० आजच्या खात्यात मोडले, उद्याच्या १० लाखांतून ते जाणार नाहीत. म्हणजे उद्या ६:४० नंतर मध्यरात्रीपर्यंत १० लाख पाठवता येतील, आणि बुधवारी रात्री १२ वाजून गेल्यावर, म्हणजे गुरुवार लागला की, उरलेले ५,८२,०००. दोन्ही रकमा २ लाखांच्या वर आहेत, त्यामुळे दोन्ही आरटीजीएसने जातील. फक्त उद्या दिवसभरात दुसऱ्या कोणाला काही पाठवू नका, ते याच १० लाखांतून वजा होईल. वीजबिल, कार्डाचं बिल बहुधा वेगळ्या हिशेबात असतं, पण परवापर्यंत तेही राहू द्या.

---

मेधा_कर्वेनगर | ८:५२

काका, लिमिट वाढवून घेतलं तर? माझ्या बँकेत ॲपमधूनच २५ लाखांपर्यंत वाढवता येतं.

---

निवृत्त_कॅशियर | ९:०४

येतं, आणि वाढवायची विनंती आजच टाका. पण वाढलेलं लिमिटही बऱ्याच बँकांत लगेच लागू होत नाही, त्यालाही २४ तास लावतात. कारण सरळ आहे. चोराच्या हाती तुमचं लॉगिन लागलं तर तो आधी लिमिटच वाढवणार आणि मग स्वतःचं खातं जोडणार. दोन्ही कामं एका बैठकीत होऊ नयेत म्हणूनच ही सगळी योजना.

आत्ता ९:१५ ला विनंती टाकलीत तर उद्या ९:१५ ला २५ लाख लागू होतील आणि पूर्ण १५,८२,००० एका झटक्यात जातील. पण मी तुमच्या जागी असतो तर रात्री सव्वानऊच्या भरवशावर बसलो नसतो. का, ते खाली लिहितो.

खरं तर तुमच्यासाठी सगळ्यात सरळ मार्ग उद्या शाखेत जायचा. चेक आणि आरटीजीएसचा फॉर्म द्या. तिथे ऑनलाइन लिमिट लागत नाही, आणि बेनिफिशियरी जोडायची नसल्याने ते २४ तासही लागत नाहीत. एक कारकून नोंद करतो, दुसरा अधिकारी ती तपासून पुढे सोडतो. ५ लाखांच्या वर जास्तीत जास्त ४९ रुपये ५० पैसे आणि त्यावर कर, एवढाच खर्च. फॉर्मवर आयएफएससी नीट लिहा. अकरा अक्षरांतलं पाचवं नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे. आणि दुपारच्या आत जा, शाखेत मोठ्या रकमांची वेळ काउंटर बंद व्हायच्या आधीच संपते.

---

सिंहगडरोडवाला | ९:२०

काका, खूप आभार. लिमिटची विनंती टाकली, "२४ तासांनी लागू" असंच आलं. शाखा लक्ष्मी रोडला आहे आणि मी हिंजवडीत. उद्या ऑफिसात ऑडिट आहे, निघता येणार नाही. बायको जाऊ शकते, पण खातं एकट्या माझ्या नावावर आहे.

---

निवृत्त_कॅशियर | ९:३१

चेकवर तुमची सही असेल तर चेक आणि फॉर्म घेऊन कोणीही जाऊ शकतं. पण १५ लाखांचा फॉर्म दुसऱ्याच्या हातून आला की अधिकारी तुम्हाला फोन करणार. उचलायची तयारी ठेवा. काही शाखा खातेदारच समोर हवा म्हणतात, तेव्हा आधी शाखेला विचारून घ्या.

---

झटपट_जोशी | ९:४०

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? आयएमपीएसने ५-५ लाखांचे तुकडे करा. उद्या ६:४० नंतर तीन तुकडे, झालं. आयएमपीएसचं लिमिट वेगळं असतं, त्या १० लाखांत धरत नाहीत.

---

मेधा_कर्वेनगर | ९:४८

असं सरसकट नसतं हो. आयएमपीएसची मर्यादा २०२१ मध्ये २ लाखांवरून ५ लाख झाली, ती एका व्यवहाराची. माझ्या बँकेत आयएमपीएस, एनईएफटी, आरटीजीएस मिळून एकच रोजचा आकडा आहे.

---

झटपट_जोशी | ९:५५

माझ्या बँकेत वेगळा आहे. गेल्या दिवाळीत पाठवलेत.

---

निवृत्त_कॅशियर | १०:१०

दोघंही बरोबर असाल, बँका वेगवेगळ्या. सिंहगडरोडवाल्यांच्या बँकेत काय आहे ते त्यांच्याच लिमिटच्या पानावर दिसेल. पण पाठोपाठ तुकडे मात्र नका करू. नवीन खातं, आणि त्यावर दहा मिनिटांत ५-५ लाखांचे तीन व्यवहार. बँकेच्या देखरेखीच्या यंत्रणेला फसवणूक ओळखायला हाच नमुना शिकवलेला असतो. फसवणारा माणूस फोनवर बसून अगदी असंच करायला लावतो.

रात्री सव्वानऊवर विसंबू नका म्हटलं ते याचसाठी. कुलपं दोन असली तरी दाराशी एक पहारेकरीही आहे, आणि तो घड्याळ बघत नाही. २४ तास संपले, रक्कम लिमिटमध्ये बसली, तरी व्यवहार कधी कधी "तपासणीत" म्हणून थांबतो. तुमचं खातं एरवी काय करतं आणि आज काय करतंय, याची तो तुलना करतो. नवीन बेनिफिशियरी, आजवरच्या कुठल्याही रकमेपेक्षा मोठी रक्कम, कालच वाढवलेलं लिमिट आणि खातं जवळजवळ रिकामं होणं. एवढं सगळं जुळलं की तो हात आडवा करणारच. मग बँकेचा माणूस फोन करतो. रात्री साडेनऊला त्या विभागात कोण असेल, किती असतील, याचा भरवसा नाही. संध्याकाळी ७ ला असतील.

---

आजोळ_सातारा | १०:२६

हा पहारेकरीही फसतो बरं का. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांना "डिजिटल अरेस्ट" करून ठेवलं होतं, व्हिडिओ कॉलवर दोन दिवस. बँकेने व्यवहार थांबवून फोन केला होता. आजोबांनी सांगितलं, भाच्याला घरासाठी देतोय, माझीच मर्जी. तसं बोलायला समोरच्यानेच शिकवलं होतं. बँकेने सोडले पैसे. सून घरी आल्यावर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तोवर पुढच्या खात्यातून बरेचसे निघून गेले होते.

त्यामुळे मला तर वाटतं २४ तासही कमीच आहेत.

---

झटपट_जोशी | १०:३३

आजोबांसाठी आम्ही सगळ्यांनी थांबायचं? आणि अडवलेल्या पैशाचं व्याज कोण खातं, बँकच ना?

---

निवृत्त_कॅशियर | १०:४५

तपासणीत असताना पैसे बहुधा तुमच्याच खात्यात असतात, फक्त त्यावर हात लावता येत नाही. व्याज तुमचंच चालू राहतं. खात्यातून वजा होऊन मधेच अडकले असतील तर गोष्ट निराळी. एनईएफटीत समोरच्या बँकेने बॅच मिटल्यापासून २ तासांत जमा करायचे किंवा परत पाठवायचे असतात. आरटीजीएसमध्ये जमा करायला ३० मिनिटं. उशीर झाला तर रेपो दर अधिक २ टक्के दराने भरपाई द्यावी लागते.

नेमकं कुठे अडलंय हे ओळखायचं असेल तर यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, पाहा. आरटीजीएसचा २२ अक्षरांचा असतो, एनईएफटीचा १६ चा. क्रमांक मिळालाच नसेल तर पैसे बहुधा तुमच्याच बँकेत आहेत, समोरच्याला फोन करून उपयोग नाही. क्रमांक मिळून अर्धा तास उलटला आणि तरी जमा नाही, मग समोरच्या बँकेला गाठा. एनईएफटी असेल तर मात्र आधी हिशेब करा. दर अर्ध्या तासाला बॅच जाते. ७:०५ ला पाठवलेले ७:३० च्या बॅचमध्ये, आणि त्यापुढे २ तास, म्हणजे साडेनऊपर्यंत वाट पाहणं नियमातच बसतं.

---

सातासमुद्रापार | बुधवार, सकाळी ६:५०

थोडं विषयांतर. मी दुबईत असतो, पुण्यातला माझा फ्लॅट विकतोय. घेणाऱ्याने माझ्या एनआरई खात्यावर आरटीजीएस केलं, यूटीआरही आला आणि तासाभरात पैसे त्याच्याकडे परत गेले. तो म्हणतोय लिमिटमुळे झालं असेल.

---

मेधा_कर्वेनगर | ८:१५

यूटीआर आला म्हणजे लिमिट केव्हाच पार झालं होतं. अडचण खात्याच्या प्रकाराची वाटतेय. इथल्या माणसाने दिलेले विक्रीचे रुपये एनआरईत घेत नाहीत, तुमचं एनआरओ खातं द्या. आणि घेणाऱ्याला सीएकडे पाठवा. विकणारा एनआरआय असेल तर तो १ टक्का टीडीएस लागू नाही, हिशेबच वेगळा आहे.

---

सिंहगडरोडवाला | बुधवार, रात्री ८:४०

घडलं ते सांगतो. शाखेने खातेदारच समोर हवा असं सांगितलं, त्यामुळे तो मार्ग बंद झाला.

६:५२ ला १० लाखांचं आरटीजीएस टाकलं. या वेळी नाकारलं नाही, पण स्थिती "तपासणीत". यूटीआर नाही. खात्यात शिल्लक तेवढीच, पण वापरण्याजोगी रक्कम १० लाखांनी कमी. काकांनी सांगितलं होतं अगदी तसंच. ७:१० ला १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून फोन आला. बाईंनी विचारलं, हा व्यवहार तुम्हीच केला का, समोरच्याशी नातं काय, पैसे कशासाठी. मग विचारलं, "आत्ता दुसऱ्या कुठल्या फोनवर कोणी तुमच्याशी बोलतंय का?" हा प्रश्न आवडला. ओटीपी किंवा पिन काही मागितलं नाही. ७:३५ ला यूटीआर आला, ७:४८ ला विक्रेत्याचा मेसेज, जमा झाले.

आता उरलेले ५,८२,००० आजच पाठवावेत का? ९:२० नंतर वाढीव लिमिट लागू होईल.

---

निवृत्त_कॅशियर | ८:५५

सकाळी ७ च्या सुमारास पाठवा. तेव्हा १० लाखांच्या जुन्या लिमिटमध्येही बसतंय, वाढीव लिमिटची गरजच नाही. पुन्हा थांबलं तरी ११ पर्यंत चार तास हाताशी आहेत. फक्त रात्री १२ च्या आसपास पाठवू नका, दिवसाचा हिशेब बंद करण्यासाठी आरटीजीएस थोडा वेळ थांबतं.

आणि वकिलांना आजच सांगा की खरेदीखतात रक्कम एकरकमी नाही. ५०,००० चा व्यवहार, १० लाखांचा यूटीआर आणि सकाळच्या ५,८२,००० चा यूटीआर, तिन्ही क्रमांक आणि तारखा पावतीच्या परिच्छेदात यायला हव्यात. मसुदा आधीच टाइप झाला असेल आणि त्यात "रुपये १६,३२,००० आरटीजीएसद्वारे" एवढंच असेल, तर तिथे ऐन वेळी खाडाखोड करावी लागेल.

---

झटपट_जोशी | ९:१०

मला एक कळलं नाही. २४ तास पूर्ण झाले, लिमिटमध्ये बसलं, तरी थांबवलं. मग त्या २४ तासांचा उपयोग काय? एकदाच काय ते तपासा ना.

---

निवृत्त_कॅशियर | ९:२२

२४ तास बँकेसाठी नसतात, तुमच्यासाठी असतात. "अमुक खातं जोडलं" हा एसएमएस तुम्ही न जोडता आला तर तेवढ्या वेळात बँकेला कळवता यावं म्हणून. तपासणी ही नंतरची गोष्ट. नेमकं काय पाहून थांबवलं हे बँक सांगत नाही, सांगणारही नाही. पूर्ण १० लाख, म्हणजे बरोबर लिमिटएवढाच आकडा, हेही एक कारण असू शकेल. ९,८०,००० टाकले असते तर सुटलं असतं का? काही सांगता येत नाही.

---

मेधा_कर्वेनगर | ९:३०

समोरच्याचं नाव तपासलंत ना? १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी खातेदाराचं नाव दाखवायची सोय करायची होती. पैसे खाते क्रमांकावरच जमा होतात, आपण टाइप केलेलं नाव कोणी पडताळत नाही.

---

सिंहगडरोडवाला | ९:४१

तपासलं. नाव दिसलं, पण विक्रेत्याबरोबर त्यांच्या पत्नीचंही, कारण खातं संयुक्त आहे. करारात फक्त त्यांचं एकट्याचं नाव आहे. यात काही अडचण येईल का?

---

आजोळ_सातारा | ९:५०

पैसे जायला नाही. पण फ्लॅट दोघांच्या नावावर आहे की एकट्याच्या, ते नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टू उताऱ्यावर पाहिलंत ना?

---

सिंहगडरोडवाला | गुरुवार, सकाळी ७:४५

इंडेक्स टू वर एकट्यांचंच नाव, वकिलांनी तपासलंय. ७:०४ ला ५,८२,००० पाठवले. या वेळी ना तपासणी ना फोन, ७:०९ ला यूटीआर. मसुद्यात तिन्ही क्रमांक घातले. लिमिट रात्री आपोआप २५ लाख झालं होतं, ते खाली २ लाखांवर आणलं. कमी करायला मात्र २४ तास लागले नाहीत, लगेच लागू झालं. निघतो आता.

---

पिंपरीची_पोर | ८:०२

माझं सुटलं! पण आता घरमालक म्हणतात ११ महिन्यांचं भाडं एकदम द्या, १ लाख ९८ हजार. यूपीआयने दोन दिवसांत ९९-९९ हजार करून जाईल का?

---

मेधा_कर्वेनगर | ८:२०

जाईल बहुतेक, यूपीआयला दिवसाला १ लाखाची मर्यादा आहे. पण एनईएफटीने एकदम का नाही पाठवत? ऑनलाइन पाठवलं तर बचत खात्याला शुल्क नाही. फक्त त्यांचं खातं क्रमांक टाकून आधी जोडावं लागेल, म्हणजे २४ तास आलेच. आणि ११ महिन्यांचं आगाऊ भाडं कशासाठी मागतायत, करारात तसं लिहिलंय का, ते आधी पाहा.